दोन मुलांची फी आणि २३६ रुपयांचा घोळ

"मुलगी अकरावीत, मुलगा नववीत. दोघांना फोंड्यातल्या एकाच क्लासला घालतोय. तिचे साठ हजार, त्याचे चाळीस. भावंडांसाठी दहा टक्के सूट, हप्त्यांनी भरायचे तर पाच टक्के जादा, वर अठरा टक्के जीएसटी. दहा वजा, तेवीस अधिक, म्हणजे १,१३,००० व्हायला हवेत ना? क्लासवाले १,१९,१८० सांगतात. फसवतायत का आम्हाला?"

ताईंच्या हातातला कागद मी मागून घेतला. अशा प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदावरच असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सवलत धाकट्या पाल्याच्या फीवर". म्हणजे दहा टक्के एका लाखावर नव्हते, चाळीस हजारांवर होते. सूट चार हजारांची. दहा हजारांची समजून बसलेलं घर इथेच सहा हजारांनी चुकतं, आणि हे मी दर जूनला बघते.

दुसरी चूक टक्क्यांच्या बेरजेची. टक्के एकमेकांत मिळवायचे नसतात, कारण प्रत्येकाची मूळ रक्कम वेगळी असते. सूट वजा करून उरले ९६,०००. त्यावर पाच टक्के ४,८००, झाले १,००,८००. हप्त्यांचा हा जादा आकारही क्लासच्या मोबदल्यातच धरला जातो, म्हणून जीएसटी या सगळ्या रकमेवर लागतो: १८,१४४. एकूण १,१८,९४४.

"पण यांचे तर १,१९,१८० आहेत," ताई म्हणाल्या.

बरोबर होतं त्यांचं. क्लासने हप्त्यांचा जादा आकार सूट देण्याआधीच्या एका लाखावर लावला होता. दोनशे रुपये जादा, त्यावर जीएसटी ३६. लबाडी नव्हे, बहुधा एक्सेलमधला चुकीचा रकाना. पण चूक ती चूक.

शाळेला जीएसटी नाही, मग क्लासला कसा, हेही त्यांनी विचारलं. बारावीपर्यंतचं शालेय शिक्षण करमुक्त आहे, खासगी कोचिंग नाही. तिथे केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ टक्के. मात्र नोंदणी असल्याशिवाय कुणी जीएसटी घेऊ शकत नाही. गोव्यात नोंदलेल्या क्लासच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात ३० ने होते. कागदावर तो होता. सूटही बिलातच वजा दाखवली होती, हे चांगलं. "सूट नंतर रोख परत देऊ" असं म्हटलं असतं, तर बिल पूर्ण रकमेचं निघालं असतं आणि सुटीच्या चार हजारांवरही कर भरावा लागला असता.

मला स्वतःला खटकले ते हप्ते. चार हप्ते, पहिला प्रवेशाच्या दिवशी, पुढचे दर दोन महिन्यांनी. एकरकमी भरले तर १,१३,२८०, हप्त्यांनी १,१८,९४४. फरक ५,६६४. "पाचच टक्के" ऐकायला किरकोळ वाटतात. पण पहिला हप्ता २९,७३६ चा लगेच जातो, म्हणजे खरी उधारी ८३,५४४ ची, तीही दोन, चार आणि सहा महिन्यांत फिटणारी. सरासरी चार महिन्यांसाठी जवळजवळ पावणेसात टक्के. वर्षाच्या हिशेबात हे व्याज वीस टक्क्यांच्या आसपास जातं.

"हाताशी किती आहेत?" मी विचारलं.

"पंच्याण्णव हजार. पण गणपतीत चवथीला थोडे लागतील."

सगळं एकरकमी भरणं शक्य नव्हतं. मग मी म्हटलं, दोघांचं खातं वेगळं करायला सांगा. मुलगी आधीपासून तिथे शिकतेय, ती सोडणार नाही. तिचे ६०,००० अधिक जीएसटी, ७०,८०० एकदम भरा. मुलगा नवा आहे, तो टिकेल की नाही हे कुणाला माहीत? त्याचे हप्त्यांनी: ३६,००० वर पाच टक्के आणि मग कर धरून ४४,६०४, चार हप्ते ११,१५१ चे. पहिल्या दिवशी ८१,९५१ जातील, चवथीला तेरा हजार उरतील, एकूण खर्च १,१५,४०४. आधीच्या बरोबर हिशेबापेक्षा ३,५४० कमी.

एक गोष्ट मात्र लेखी घ्यायला सांगितली. मुलाने मध्येच सोडलं, तर पुढचे हप्ते मागायचे नाहीत. सूट त्याच्याच फीवर असल्यामुळे मुलीच्या बिलाला धक्का लागायचं कारण नव्हतं, तरी तेही लिहून घ्या म्हटलं. क्लासची फी आहे म्हणून आयकरात मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळणार नाही, हे ऐकून मात्र त्या हिरमुसल्या. ती वजावट शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती.

चार दिवसांनी त्या नवं बिल घेऊन आल्या. खातं वेगळं झालं होतं, आकडे जुळत होते, अट मागच्या बाजूला पेनने लिहून सही-शिक्का. "२३६ रुपये दाखवले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला," त्या म्हणाल्या, "आणि मग आत जाऊन सरांनाच घेऊन आली."