सरकारी आदेशाने दुकान बंद ठेवावे लागले तर भाडे माफ होते का?

प्रश्न: "आमच्या दुकानाच्या करारात फोर्स मेजरचे कलम आहे. सरकारी आदेशामुळे दुकान बंद ठेवावे लागले, तरी मालक पूर्ण भाडे मागतो आहे. कलम असताना भाडे द्यावेच लागेल का?"

फोर्स मेजर म्हणजे कोणाच्याच हातात नसलेली घटना, पण नुसते तिचे कलम आहे म्हणून भाडे माफ होत नाही. ते कलम नेमक्या कोणत्या जबाबदारीतून सूट देते, हे आधी वाचा. बहुतेक छापील मसुद्यांमध्ये कलमाच्या शेवटी "पैसे देण्याची जबाबदारी वगळून" अशा अर्थाचे चार शब्द असतात. ते असतील तर दुकान उघडे ठेवण्याची अट, दुरुस्तीची मुदत यांतून सुटका मिळते, भाड्यातून नाही. मालकाच्या वकिलाने ते शब्द त्याचसाठी घातलेले असतात.

मग भाडेसवलतीचे वेगळे कलम आहे का ते पाहा. इथे दुसरी मेख असते. पुष्कळ करारांत सवलत फक्त "जागेचे नुकसान झाल्यास", म्हणजे आग, पूर, पडझड यांसाठी लिहिलेली असते. तुमच्या बाबतीत भिंती शाबूत आहेत, फक्त व्यवसायाला बंदी आहे. अशा वाक्यरचनेत तुमचा प्रसंग बसत नाही. "जागेचा ठरलेल्या कामासाठी वापर करता न आल्यास" किंवा "शासकीय आदेशाने" असे शब्द असतील, तरच पाय रोवायला जागा मिळते.

करारात काहीच नसेल तर भारतात कायदा भाडेकरूच्या बाजूने फारसा झुकत नाही. करार पाळणे अशक्य झाले तर तो संपतो, असे सांगणारे करार कायद्याचे कलम 56 भाडेपट्ट्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच सांगितले आहे. उरते मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 (ब) (ई). पण त्यात जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झालेला किंवा कायमचा निरुपयोगी झालेला असावा लागतो, आणि तेव्हाही मिळतो तो पट्टा संपवण्याचा पर्याय, भाडेमाफी नाही. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारावर लॉकडाउनमध्ये बंद राहिलेल्या दुकानाचे भाडे स्थगित करायला नकार दिला. जागा ताब्यात ठेवायची आणि भाडे मात्र द्यायचे नाही, हे चालत नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार मात्र भाडेपट्टा नसतो, त्यामुळे तिथला युक्तिवाद वेगळा होतो. कागदाचे शीर्षक नव्हे, आतल्या अटी पाहा.

शब्द नीट असले की काय होते, ते अमेरिकेतल्या शिकागोच्या एका रेस्टॉरंटच्या प्रकरणात दिसते. 2020 मध्ये आत बसून जेवायला बंदी आली. त्यांच्या कलमात शासकीय आदेशाचा स्पष्ट उल्लेख होता. न्यायालयाने भाडे पूर्ण माफ केले नाही. पार्सलसाठी स्वयंपाकघर वापरता येत होते आणि ते जागेच्या साधारण 25 टक्के, म्हणून बंदीच्या काळात 25 टक्के भाडे देय ठरवले.

हाच हिशेब तुमच्या कलमात आधीच लिहिला तर वाद उरत नाही. समजा मासिक भाडे 60,000 आणि महिना 30 दिवसांचा, म्हणजे रोजचे 2,000. दुकान 18 दिवस पूर्ण बंद, पुढचे 12 दिवस निम्म्या जागेत सुरू. सवलत 36,000 अधिक 12,000, म्हणजे 48,000. देय भाडे 12,000. देखभाल खर्च आणि कर यांना हा हिशेब लागू आहे की नाही, तेही स्पष्ट लिहा, नाहीतर भांडण तिकडे सरकते. बंदी उठल्या दिवशी सवलत संपते की पुन्हा उघडायला काही दिवस मिळतात, हेही विसरू नका.

सध्याच्या वादात सगळ्यात जास्त नुकसान होते ते नोटिशीमुळे. कलमात सात किंवा दहा दिवसांत लेखी कळवा असे असेल, आणि त्याशिवाय सवलत नाही असेही म्हटले असेल, तर फोनवर झालेले बोलणे उपयोगाचे नाही. मुदत उरली असेल तर आजच करारातल्या पत्त्यावर नोटीस पाठवा: आदेशाची तारीख आणि प्रत, बंद राहिलेली जागा, पहिला दिवस, कोणत्या कलमाखाली किती सवलत मागता. सोबत वीज मीटरचे फोटो आणि विक्रीची नोंद ठेवा. दुकान खरोखर बंद होते हे त्यातून दिसते.

तोवर भाडे एकतर्फी थांबवू नका. थकबाकी झाली की जागा खाली करण्याचा दावा मालकाच्या हाती येतो, आणि सवलतीचा प्रश्न बाजूला पडतो. माझ्या मते "हक्क राखून" असे लेखी कळवून रक्कम भरणे सुरक्षित. मालक तडजोडीला तयार झाला तर पत्रात "माफ" की "पुढे ढकलले" हे एका शब्दात ठरवून घ्या. "नंतर बघू" असा मजकूर असेल तर ती रक्कम पुढच्या वर्षी व्याजासह मागितली जाऊ शकते.