पोटगीचे 12 लाख कुठे ठेवू?

«ताई, चार महिन्यांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. वय 38, मुलगी 9 वर्षांची, माझ्याकडेच. कन्सेंट टर्म्सप्रमाणे डोंबिवलीचा फ्लॅट मला, पुढचे हप्तेही मीच भरायचे. कर्ज मात्र अजून दोघांच्या नावावर आहे. 30 लाख बाकी, 15 वर्षं, हप्ता साधारण 29,500. माझा पगार हातात 62,000. एकरकमी पोटगीचे 12 लाख मिळालेत, शिवाय मुलीसाठी दरमहा 12,000 ठरलेत. आई म्हणते एफडी कर, भाऊ म्हणतो म्युच्युअल फंडात टाक, ओळखीचा विमा एजंट एकदाच प्रीमियम भरायची पॉलिसी घे म्हणून मागे लागलाय. माझी 6,000 ची एसआयपी मी वर्षभरापूर्वीच बंद केली. महिनाअखेर खात्यात काही उरत नाही. सुरुवात कुठून करू? – एक आई, डोंबिवली»

ताई, तिघांनाही सध्या थांबायला सांगा, एजंटला तर कायमचंच. हे 12 लाख तुमचं घर खरंच तुमचं करण्यासाठी आधी लागणार आहेत.

घटस्फोटाच्या डिक्रीत काहीही लिहिलेलं असो, बँक त्या डिक्रीत पक्षकार नव्हती. तिच्या दृष्टीने तुम्ही दोघंही आजही पूर्ण कर्जाला जबाबदार आहात. तुमचा हप्ता चुकला तर तुमच्या आधीच्या नवऱ्याचाही सिबिल खराब होतो आणि हे कर्ज नावावर असेपर्यंत त्यांना नवीन गृहकर्ज मिळणं अवघड जातं. म्हणजे कर्जातून नाव निघावं ही त्यांचीही गरज आहे. दुसरीकडे, हक्कसोडपत्राची नोंदणी झाली नसेल तर इंडेक्स टू या नोंदणीच्या उताऱ्यावर ते अजून मालक आहेत. म्हणून या घडीला घाईने मोठी रक्कम कर्जात भरू नका. कागदावर अर्ध्या त्यांच्या असलेल्या घरात तुमचे पैसे जातील आणि तुमच्या हातातलं वजनही जाईल. कर्जातून त्यांचं नाव काढणं आणि फ्लॅटवरचा त्यांचा हक्क सोडणं, ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात व्हायला हवीत.

पहिली फेरी बँकेत. डिक्रीची प्रमाणित प्रत, सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 घेऊन जा आणि सहकर्जदार वगळण्यासाठी लेखी अर्ज द्या. बँक तुमची कुवत नव्याने तपासेल. 62,000 पगारात 29,500 हप्ता म्हणजे जवळपास निम्मा, इथे अर्ज अडकू शकतो. त्यामुळे अर्जातच लिहा की मी 7 लाख मुद्दलात भरायला तयार आहे. बाकी 23 लाख राहतील आणि त्याच 15 वर्षांसाठी, साडेआठ टक्के व्याजाने, हप्ता साधारण 22,650 होईल.

मुद्दलात पैसे भरले की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी मीही तेच सुचवते, कारण व्याज जास्त वाचतं. तुमच्या बाबतीत मात्र उलट हवं: मुदत तीच, हप्ता कमी. हे अर्जात स्पष्ट लिहा आणि नवीन परतफेडीचा तक्ता हातात घेऊनच बँकेतून निघा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नका.

बँकेने लेखी होकार दिला की तिचं ना-हरकत पत्र घेऊन हक्कसोडपत्राची तारीख ठरवा. मुद्रांक शुल्क किती पडेल हे डिक्रीतल्या शब्दांवरही ठरतं. ते वकिलांकडून आधीच लेखी काढून घ्या. मग नवीन इंडेक्स टू सोसायटीत देऊन शेअर सर्टिफिकेट फक्त तुमच्या नावावर करा. हप्ता त्यांच्या खात्यातून जात असेल तर त्याचं मँडेट बदलून तुमच्या खात्याला जोडा.

7 लाख देऊनही ही बँक नाही म्हणाली तर दुसरीकडे कर्ज हलवायचा प्रयत्न करा. तिथेही नकार आला तर घर विकायचा विचार मनाशी करून ठेवा. भावाला सहकर्जदार करणं सोपं वाटेल, पण पंधरा वर्षं त्याची कर्ज घ्यायची क्षमता तुमच्या घरात अडकेल.

आता महिन्याचा हिशेब. मी तुमच्यासारख्या घराचा अंदाज मांडते, आकडे तुम्ही बदला. हप्ता 22,650, किराणा-भाजी-दूध 14,000, शाळा आणि बस 8,000, सोसायटी मेंटेनन्स 3,500, वीज-गॅस-फोन 3,500, लोकल-रिक्षा 3,000, विम्याच्या वर्षाच्या प्रीमियमचा महिन्याचा वाटा 2,500. एकूण 57,150, उरले 4,850. हाच हिशेब जुन्या हप्त्याने केला तर दरमहा साधारण 2,000 चा खड्डा पडतो. महिनाअखेर काही उरत नाही त्याचं कारण तुमची उधळपट्टी नाही, हप्ता आहे.

मुलीचे 12,000 मी यात धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका. ते उशिरा आले, एखादा महिना आलेच नाहीत, तरी घर चाललं पाहिजे. त्या पैशांसाठी वेगळं बचत खातं काढा. निम्मे तिथे साठू द्या आणि निम्म्याची तिच्या कॉलेजसाठी एसआयपी करा, नऊ वर्षं हातात आहेत. पैसे थकले तर त्या खात्याचं पासबुकच कोर्टात वसुलीच्या दरखास्तीला उपयोगी पडेल.

12 लाखांतून 7 गेले. साडेतीन लाख एफडीत ठेवा, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी ही रक्कम आहे आणि आईचं म्हणणं इथे बरोबर आहे. एक लाख मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलांच्या फीसाठी. उरलेले 50,000 जूनची शाळेची फी आणि विम्याचा पहिला प्रीमियम यांना. एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती मानली जाते, मुंबई उच्च न्यायालयाचा 1983 चा निकाल आहे. त्यामुळे तिच्यावर आयकर नाही, पण एफडीच्या व्याजावर लागेल.

विमा दोन प्रकारचा हवा. मेडिक्लेम नवऱ्याच्या कंपनीकडून होता का, ते बघा. तसं असेल तर घटस्फोटानंतर तुम्ही त्यात नाही, मुलीचं नाव मात्र बहुधा चालू असेल. स्वतःची पॉलिसी या महिन्यातच घ्या, कारण आधीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि तो पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो. दुसरा साधा टर्म विमा, कर्ज आणि मुलीचं शिक्षण दोन्ही भागेल एवढा. एजंटच्या पॉलिसीत 12 लाख अडकले असते आणि संरक्षणही तुटपुंजं मिळालं असतं.

नॉमिनी म्हणून जुन्या पॉलिसीत, पीएफमध्ये आणि बँक खात्यात त्यांचंच नाव असणार, आणि घटस्फोटाने ते आपोआप निघेल असं धरून चालू नका. पीएफचं यूएएन पोर्टलवर ई-नॉमिनेशनने बदलतं. मुलीचं नाव घालताना ती अज्ञान असल्यामुळे तिच्या वतीने पैसे घेणारा अपॉइंटीही नेमा, आई किंवा भाऊ. तुमच्या माघारी कायद्याने तिचे पालक तिचे वडीलच राहतील, पण पैसा कुणी सांभाळायचा हे मृत्युपत्रात लिहिता येतं. ते लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

भावाचा म्युच्युअल फंड येतो तो इथे, पगारातून. नव्या हप्त्याने तीन महिने घर चालवून बघा. खरंच 4,000 च्या वर उरत असतील तर 3,000 ची एसआयपी निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात सुरू करा. जुनी 6,000 ची होती म्हणून लगेच तेवढीच करायची गरज नाही. दर एप्रिलला पगार वाढला की वाढीचा निम्मा भाग आधी तिथे वळवा, त्याची सूचना फंडाला आधीच देऊन ठेवता येते.