लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन पॅन

“माहेरच्या नावाचं पॅन असताना इंदूरला सासरच्या नावानं दुसरं काढलं. नोटीस येण्याआधी काय करू?”

आधारशी जोडलेलं, रिटर्न भरलेलं पॅन ठेवा आणि दुसरं लगेच परत करा. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. मी इंदुरात कर सल्लागाराकडे हेच अर्ज भरते. वेगळा फॉर्म नाही, पॅन दुरुस्तीचाच अर्ज घ्या: वर ठेवायचा नंबर, खाली ‘चुकून मिळालेले इतर पॅन’ या रकान्यात दुसरा, सोबत त्या कार्डाची प्रत. नावही त्यातच बदलून घ्या. पोचपावती जपा, नोटीस आलीच तर तीच दाखवायची. मात्र बँकेतल्या एफडीला परत करायचं पॅन दिलं असेल तर आधी तिथे बदला, झालेल्या टीडीएसची दुरुस्तीही बँकेकडूनच करवून घ्या; नाहीतर तो कर तुमच्या नावावर दिसणारच नाही.