गृहपत्रिकेत सहकाऱ्यावर श्रद्धांजली लिहिताना: आधी विचारा, मग लिहा

प्रश्न: आमच्या स्टोअर्समधल्या सिनियर ताई गेल्या महिन्यात कॅन्सरने गेल्या. २० वर्षांहून जास्त सर्व्हिस. न्यूजलेटरसाठी ४०० शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलंय. टीमला त्यांनी काय दिलं यावर लिही असं साहेब म्हणाले, पण मी कितीही लिहिलं तरी 'मनमिळाऊ, हसतमुख, कामसू' असंच होतंय, ते कुणालाही लागू पडेल. आजारपणाचा उल्लेख करावा का तेही कळत नाहीये.

उत्तर:

वाईट वाटलं वाचून. माझ्याकडे बरीच वर्षं कंपनीच्या गृहपत्रिकेचं काम होतं, भोसरीला, प्रेस शॉप आणि टूलरूम असलेला कारखाना. असे मजकूर त्या काळात लिहावे लागले, दुसऱ्यांचे तपासलेही, त्यावरून सांगतो.

'मनमिळाऊ, हसतमुख' येतं कारण आपण थेट लिहायला बसतो आणि आपल्या एकट्याच्या डोक्यात तेवढंच असतं. तर आधी दोन दिवस फक्त लोकांना विचारा, लिहू नका. आणि 'ताई कशा होत्या' असं विचारू नका, त्यावर समोरचा 'फार चांगल्या होत्या हो' म्हणणार आणि गप्प होणार, त्याचाही काही दोष नाही. कामाचं विचारा. त्यांच्यामुळे तुम्ही आजही अमुक पद्धतीने करता अशी कुठली गोष्ट आहे? त्या नसताना या महिन्यात कुठे अडलं? त्यांच्याशी कधी वाजलं होतं का, आणि कशावरून? हा तिसरा प्रश्न विचारायला अवघड वाटतो पण सगळ्यात जास्त तिथूनच निघतं, कारण माणूस कामाच्या ठिकाणी ज्या गोष्टीवरून भांडतो तीच त्याला महत्त्वाची वाटत असते.

विचारताना फक्त साहेबांकडे आणि जुन्या लोकांकडे जाऊ नका. सगळ्यात नवीन पोरगं असेल त्याला विचारा, कारण त्याला शिकवलेलं अजून ताजं असतं. आणि दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक तरी माणूस, ज्याचं काम यांच्यावर अवलंबून होतं. तुमच्याकडे म्हणजे लाइनवरून मटेरियल न्यायला येणारा माणूस, इनवर्डला गाडी लावणारा ड्रायव्हर असला तरी चालेल.

आमच्याकडचं एक उदाहरण नीट सांगतो म्हणजे मुद्दा लक्षात येईल. टूलरूमचे एक सिनियर गेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. मी विचारायला गेलो तर पहिले चार-पाच जण 'शिस्तीचे होते, हुशार होते' इथेच थांबले. मग आयटीआय करून आलेला एक ट्रेनी म्हणाला की काका लास्ट पीसवरून फार बोलायचे. लास्ट पीस म्हणजे काय तर प्रेसवरचा लॉट संपला की डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, उतरवताना शेवटचा निघालेला जॉब आणि पत्र्याच्या पट्टीचं शेवटचं टोक, दोन्ही तारेने त्या डायला बांधायचं, वर तारखेचा आणि किती स्ट्रोक झाले त्याचा टॅग, आणि मगच डाय रॅकवर. हे का, तर त्या एका जॉबची कड बघून डाय न उघडता बरंच कळतं. कडेला सगळीकडून बर्र, म्हणजे पत्र्याची खरखरीत कुसळं, आलीय तर डायची धार गेलीय, ग्राइंडिंगला काढा. एकाच बाजूला बर्र आहे तर पंच आणि डायमधली फट सगळीकडे सारखी नाही, अलाइनमेंट बघा. हे डाय रॅकवर असतानाच कळलं तर टूलरूम सवडीने दुरुस्ती करते, आणि नाही कळलं तर पुढच्या वेळी डाय प्रेसवर चढते, सेटिंग होतं, पहिला जॉब निघतो आणि तेव्हा लक्षात येतं, मग डाय परत उतरवा, प्रेस उभी, ऑपरेटर उभे, प्रॉडक्शनवाले डोक्यावर. काका लास्ट पीस बांधलेला नसेल तर डाय आत घ्यायचेच नाहीत, सुपरवायझर कितीही घाईत असू दे, दारातून परत पाठवायचे. त्यावरून प्रेस शॉपशी वर्षानुवर्षं कटकट झालेली.

बघा, यात 'शिस्तीचे' हा शब्द एकदाही लिहायची गरज उरत नाही.

पण इथे एक गोष्ट तपासावी लागली. ट्रेनी म्हणाला ही पद्धत काकांनीच सुरू केली. प्रेस शॉपमधल्या एका जुन्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला नाही, पद्धत आधीपासून होती, बऱ्याच टूलरूममध्ये असते, पण आपल्याकडे कोणी पाळत नव्हतं, यांनी पाळायला लावली. मग आम्ही तेच छापलं. तुम्हाला वाटेल एवढ्याने काय फरक पडतो, श्रद्धांजलीच तर आहे, पण वाचणारे सगळे त्याच शॉप फ्लोअरवरचे असतात, एक वाक्य फुगवलेलं दिसलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना माहीत असून कोणी न करणारी गोष्ट रोज करून घेणं हे नवीन काढण्यापेक्षा जास्त अवघड आहे, त्यात माणसाचा मोठेपणा कमी होत नाही.

छापलेला उतारा साधारण असा होता:

'प्रेस शॉपमधून आलेली डाय लास्ट पीस आणि टॅगशिवाय ते आत घेत नसत. त्यावरून वाद होत आणि ते वाद ते घालत. आज रॅकवरच्या प्रत्येक डायला लास्ट पीस बांधलेला आहे. टूलरूममध्ये आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात ते तो पीस हातात देऊन विचारत, हा काय सांगतोय? उत्तर चुकलं तर रागावत नसत, डाय उघडून दाखवत.'

यात त्यांचं वागणं भूतकाळात आहे आणि त्यांनी लावलेली पद्धत वर्तमानकाळात आहे, ते मुद्दाम केलंय. माणूस गेला, काम चालू आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि वाद घालायचे हेही आहे. लपवू नका अशा गोष्टी, फक्त कशासाठी ते लगेच पुढे येऊ द्या. तुमच्या ताई चलन अपुरं असलं की मटेरियल देत नसतील, स्टॉक जुळेपर्यंत कोणाला घरी जाऊ देत नसतील, जे काही असेल ते लिहा.

चारशे शब्दांत अशा दोन गोष्टी बसतात, तीन म्हणजे गर्दी. सुरुवात साध्या माहितीने करा, नाव, हुद्दा, कुठल्या सालापासून कंपनीत, कधी निधन झालं. तारखा आणि हुद्दा एचआरच्या रेकॉर्डवरून घ्या, आठवणीवरून नको. 'क्रूर काळाने घाला घातला', 'कधीही भरून न येणारी पोकळी' वगैरे काढून टाका, तिथे त्या नसताना काय अडलं तेच लिहा, पोकळी आपोआप दिसते. साहेबांचं दोन ओळींचं मनोगत टाकायचं असेल तर त्यांच्याशी बोलून त्यांचेच शब्द घ्या, तुम्ही लिहून त्यांच्या नावाने टाकू नका, टीमला पटकन ओळखू येतं.

आता आजारपण. माझं मत स्पष्ट आहे, घरच्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय आजाराचं नाव छापायचं नाही. सगळ्यांना माहीत असलं तरी. ऑफिसमध्ये माहीत असणं वेगळं आणि कायम राहणाऱ्या कागदावर येणं वेगळं. 'निधन झालं' पुरतं. 'झुंज अपयशी ठरली' हे तर नकोच, त्यात माणूस हरल्यासारखा वाटतो. हां, आजारपणात त्या कामावर येत होत्या, कोणाला हाताखाली तयार करून गेल्या असं काही असेल तर तो कामाचा भाग आहे, तो घरच्यांना विचारून घेता येईल.

घरच्यांना पूर्ण मजकूर छपाईआधी दाखवाच. दिवसकार्य होईपर्यंत थांबा, मग ताईंच्या ओळखीतल्या कोणालातरी घरी जाऊ दे, मेलवर पाठवून 'ओके कळवा' असं करू नका. नावाआधी काय लावायचं तेही त्यांनाच विचारा, 'दिवंगत' कुठल्याही धर्माच्या माणसाला चालतं. फोटो त्यांच्याकडूनच मागा, आयकार्डवरचा जुना फोटो मोठा केला की फाटतो आणि चेहराही ओळखीचा वाटत नाही. काकांच्या घरच्यांनी आमच्या मजकुरातलं एक वाक्य काढायला सांगितलं, आम्ही कारण न विचारता काढलं. तिथे घासाघीस करायची नसते. न्यूजलेटर इंग्लिशमध्ये निघत असेल तर ही एक गोष्ट मराठीतही छापा, घरच्यांनी ती स्वतः वाचावी म्हणून.

शेवटी अंक छपाईला जायच्या आधीचं काम, हे कोणी सांगत नाही. बाकीचा पूर्ण अंक ताईंच्या नावासाठी वाचून काढा. वाढदिवसांची यादी, सर्व्हिसला अमुक वर्षं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, मागच्या महिन्यातल्या स्पर्धेचे निकाल, सगळीकडे. याद्या बऱ्याचदा सिस्टिममधून जशाच्या तशा येतात, आणि एका ठिकाणी मी हे झालेलं पाहिलंय, एका पानावर श्रद्धांजली आणि दोन पानं पुढे त्याच माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्यांनी पाहिलं त्यांना फार लागलं ते. एचआरला सांगून वाढदिवसाचा ऑटोमॅटिक मेलही बंद करून घ्या. त्यांच्या जागी कोण येतंय ही बातमी त्याच अंकात नको, पुढच्या अंकात द्या. समोरच्या पानावर सहलीचे फोटो येत असतील तर डिझायनरला पान बदलायला सांगा, तो बदलून देतो.

छापलेल्या पाच-सहा प्रती घरी नेऊन द्या, नातेवाईक मागतात.

लोकांशी बोलून झालं की जे काय हाती लागेल ते कच्चंच इथे टाका, नाव आणि कंपनी काढून. कुठल्या दोन गोष्टी घ्यायच्या ते आपण मिळून ठरवू.