दहा बाय बाराच्या खोलीत केटलबेल

प्रश्न : १६ किलोच्या केटलबेलने स्विंग केल्यावर मांड्यांऐवजी कंबर दुखते. कुठे चुकते?

बहुधा गुडघे वाकवून खाली बसण्यात आणि गोळा हातांनी वर ओढण्यात. स्विंगमध्ये, म्हणजे गोळा पायांमधून मागे नेऊन पुढे झुलवताना, नितंब मागे जातात. गुडघे जेमतेम दुमडतात. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा आणि पाठ सरळ ठेवून नितंब भिंतीला टेकवून पाहा. मांडीच्या मागे ताण जाणवला, तर हालचाल बरोबर आहे. मागे जाताना गोळा गुडघ्यांच्या वरून, मांड्यांच्या सांध्याजवळून जायला हवा, कारण तो गुडघ्यांखालून गेला की सारा भार कमरेवर येतो. वर येताना नितंब आवळून ताठ उभे राहा, मागे झुकू नका, आणि गोळा नितंबांच्या झटक्यानेच छातीपर्यंत येऊ द्या. खांदे आधी थकत असतील, तर हात अजूनही ओढत आहेत असे समजा. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर स्विंग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : प्रेस करताना, म्हणजे गोळा डोक्यावर ढकलताना, पंख्याची भीती वाटते आणि गोळा मनगटावर आपटतो.

पंख्याखाली प्रेस करूच नये. एक गुडघा जमिनीवर टेकवून प्रेस केल्यास उंचीचा प्रश्न सुटतो आणि कंबर मागे वाकवण्याची सवयही मोडते. गोळ्याची मूठ तळहाताच्या मधोमध धरली की गोळा फिरून आदळतो. ती अंगठ्याच्या मुळापासून तळहाताच्या टाचेकडे तिरकी बसवा, मनगट सरळ ठेवा आणि हात शरीराजवळून वर आणा.

प्रश्न : जोर-बैठकांची सवय आहे. मग गॉब्लेट स्क्वॉट वेगळा का?

बैठकेत टाचा उचलल्या जातात, येथे त्या जमिनीवरच राहतात. गोळा छातीशी धरल्याने पुढे भार मिळतो, त्यामुळे पाठ सरळ ठेवून खोल बसता येते.

प्रश्न : चालायलाच जागा नाही, मग कॅरी कशी करावी? आणि एकाच वजनात आठवडा कसा आखावा?

एका हातात गोळा धरून 10 फूट चाला, सावकाश वळा आणि परत या. खरा व्यायाम गोळ्याकडे न झुकण्यात आहे. तेवढीही जागा नसेल, तर जागीच एकेक गुडघा उचला. एका हाताला 30 सेकंद पुरेत.

आठवड्यातून 3 दिवस आधी गॉब्लेट स्क्वॉटचे 8 चे 3 सेट, मग प्रत्येक हाताने प्रेसचे 5 चे 3 सेट, त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला 10 स्विंग अशी 8 मिनिटे, आणि पकड थकवणारी कॅरी शेवटी. अडचण अशी, की स्विंगला साजेसा गोळा प्रेसला बहुधा जड पडतो. 16 किलो एका हाताने 5 वेळा जात नसेल, तर 2 वेळाच करा, पण सेट वाढवा. स्विंग हलका वाटू लागला, की तोच गोळा एका हाताने घ्या. शेवटी तो खाली सोडू नका, नितंब मागे नेऊन चटईवर टेकवा; खालच्या मजल्यावरची तक्रार बहुधा याच एका आवाजाची असते.