सलूनच्या नफ्यात स्टाफला वाटा, पण भाषणात कोणता आकडा सांगायचा?

"सर, धरमपेठेत माझं युनिसेक्स सलून आहे, आठ जण कामाला. पुढच्या महिन्यात 10 वर्षं होतात, त्या दिवशी स्टाफचं जेवण ठेवलंय आणि भाषणात जाहीर करणार आहे, 'आजपासून तुम्ही सगळे माझे पार्टनर, दर महिन्याच्या नफ्यातला 20 टक्के तुमचा.' एप्रिलमध्ये 6 लाख जमा झाले, जीएसटी आणि मेंबरशिप धरून. भाडं, पगार, लाईटबिल, प्रॉडक्ट जाऊन सव्वादोन लाख उरले. म्हणजे 45 हजार वाटायचे. बरोबर करून राहिली ना मी? भाषण सोबत जोडलंय."

ताई, भाषण दोनदा वाचलं. वाटा द्याच, पण त्या वाक्यातले तीन शब्द बदलल्याशिवाय माईक हातात घेऊ नका. पार्टनर, महिन्याच्या आणि नफा.

आधी नफा, कारण सगळी गडबड तिथंच आहे. तुमचे सव्वादोन लाख म्हणजे गल्ल्यात उरलेले पैसे, नफा नाही. तुमच्या खर्चाच्या यादीत जीएसटी दिसत नाही. सप्टेंबर 2025 पासून सलूनला 5 टक्के लागतो, आणि 6 लाख त्याच्यासकट असतील तर साधारण साडेअठ्ठावीस हजार सरकारचे, ते तुमचे कधी नव्हतेच. आणि या 5 टक्क्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे प्रॉडक्टवर नि भाड्यावर जो जीएसटी तुम्ही भरता तो आता सरळ खर्चच आहे, तो खर्चात पकडलाय का ते बिलं काढून पाहून घ्या.

आता मेंबरशिप. हे नीट वाचा. ग्राहकानं 10 हजार भरले आणि तिला वर्षभरात 12 हजाराची कामं करून द्यायचीत, तर ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशी तुम्ही काहीच कमावलेलं नसतं, उलट तुमच्यावर काम चढलेलं असतं. रिसेप्शनवर ते रजिस्टर असतं ना, ज्यात ग्राहकाच्या नावापुढे फेशियल, रूट टचअप, पेडिक्युअर असं एकेक कापत जातात, त्यात जे कापलं गेलं तेवढीच कमाई आणि जे उरलं ते देणं. समजा एप्रिलमध्ये 90 हजाराच्या मेंबरशिप विकल्या आणि जुन्यांमधली 50 हजाराची कामं झाली, तर 40 हजार अजून कमवायचे आहेत. माझ्याकडे एक पार्लरवाल्या ताई यायच्या, त्यांनी मे महिन्यात हेच पैसे नफा समजून वाटले आणि जुलैत अशी वेळ आली की खुर्च्या भरलेल्या, मुली दिवसभर राबून राहिल्या आणि काउंटरवर रुपया नाही, कारण सगळ्या जुन्या मेंबर. कलरच्या ट्यूब उधारीवर आणाव्या लागल्या. स्टाफला वाटलं मालकीण पैसे लपवतेय. लपवलं काहीच नव्हतं, वाटून झालं होतं.

तिसरी गोष्ट, तुमचा स्वतःचा पगार. ब्रायडल तुम्ही स्वतः करता. उद्या तुमचा हात मोडला तर त्या कामाला माणूस ठेवायला 45 हजार तरी लागतील, तेवढे आधी तुमच्या नावानं काढा. आणि खुर्च्या, एसी, मशिनी मिळून 9 लाखाचं सामान पाच वर्षं चालतं असं धरलं तर महिन्याला 15 हजार बाजूला ठेवायलाच पाहिजे, नाहीतर एसी बसला की कर्ज.

आता वजा करत या. सव्वादोन लाखातून साडेअठ्ठावीस हजार, मग 40, मग 45, मग 15. उरले 96,500. हा नफा. यावर तुम्ही 45 हजार वाटले तर 20 टक्के नाही, जवळपास निम्मा नफा वाटला. खरे 20 टक्के होतात 19,300. मेंबरशिपचा, तुमच्या पगाराचा आणि सामानाचा आकडा मी अंदाजानं धरलाय, तुमचा वेगळा निघेल, पण वजाबाकीचा क्रम हाच.

महिन्याचं म्हणाल तर एप्रिल हा लग्नाचा महिना, त्यावरून वर्षाचं वचन देऊ नका. 2026 मध्ये तर 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नं नाहीत म्हणजे ब्रायडल नाही, आणि पितृपक्षात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून तिमाही हिशोब ठेवा. समजा तिमाहीचा वाटा 58 हजार आला, तर 43 हजार लगेच पगारासोबत बँकेत टाका आणि 15 हजार मार्चअखेरपर्यंत राखून ठेवा. एखादी तिमाही तोट्यात गेली तर तो तोटा या राखीवातून भरायचा, आणि वर्षाअखेर जे उरेल ते स्टाफचंच. हे आधीच लिहून ठेवलं तर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

वाटायचं कसं, तर सेलवर वाटू नका. स्टायलिस्टला इन्सेंटिव्ह आधीच मिळतो (तो चुकूनही बंद करू नका, नाहीतर एका हातानं देऊन दुसऱ्यानं घेतलं असंच होईल), आणि टॉवेल धुणारी, डोकं धुवून देणारी हेल्पर मुलगी सेलमध्ये कुठंच दिसत नाही. त्या 43 हजारातली अर्धी रक्कम हजेरीवर, अर्धी पगारावर. पगाराची बेरीज 1,20,000 धरली आणि सगळ्यांची हजेरी सारखी असली तर 10 हजारवाल्या हेल्परला साडेचार हजाराच्या आसपास येतात आणि 22 हजारवाल्या सिनियरला साडेसहा. फरक आहे, पण हेल्परला तोंड पाडून घरी जावं लागत नाही.

आता पार्टनर. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 6 सांगतं की नोकराला नफ्यातला वाटा दिला एवढ्यानं तो भागीदार होत नाही. तुम्ही त्यामुळे सुरक्षित आहात, पण कलम 28 पण आहे. एखादा स्वतःला भागीदार म्हणवून घेत असेल किंवा तसं म्हणू देत असेल आणि त्या भरवशावर कुणी उधार दिलं, तर ती उधारी त्याच्याही गळ्यात पडू शकते. तुमच्या सिनियर स्टायलिस्टनं प्रॉडक्टवाल्याला 'मी इथं पार्टनर आहे' म्हणून माल उचलला तर तिचाच घोटाळा होईल. प्रेमानं म्हटलेला शब्द तिला महागात पडायला नको.

एक गोष्ट सीएला विचारा. इन्कम टॅक्सचा रिटर्न अंदाजित पद्धतीनं, म्हणजे उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरून भरत असाल, तर ते टक्के म्हणजे कमीत कमी दाखवायचा नफा, खरा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. स्टाफच्या कागदावर एक नफा आणि रिटर्नमध्ये दुसरा, असं चालणार नाही. तो कागद आठ जणांच्या हातात असणार आहे.

भाषणात मग एवढंच म्हणा, "1 तारखेपासून दर तीन महिन्यांनी सलूनचा हिशोब तुमच्यासमोर मांडीन. जीएसटी, मेंबरशिपची बाकी कामं, माझा पगार आणि सामानाची झीज काढून जे उरेल त्याचे 20 टक्के तुमचे. मध्येच कुणी सोडून गेलं तरी जितके दिवस काम केलं तितक्या दिवसांचं मिळेल. पहिलं वर्ष असं करू, मग सगळे बसून बदलू." आकडा बोलू नका, 45 हजार तर अजिबात नाही, एकदा कानावर पडला की पुढची प्रत्येक तिमाही त्याच्याशीच मोजली जाईल.

जेवणाच्या तारखेआधी एका रविवारी रात्री शटर पाडून ते मेंबरशिपचं रजिस्टर घेऊन बसा आणि न कापलेल्या कामांची बेरीज करा. ती बेरीज मला कळवा. दोन-अडीच लाखाच्या वर निघाली तर पहिल्या वर्षी 20 ऐवजी 12 टक्के जाहीर करू.