टीटीएमएम करायचं, पण बिल एकच

प्रश्न: आम्ही चौघे जेवायला गेलो होतो. दोघांनी बिअर घेतली, मी फक्त दाल खिचडी. बिलाचा फोटो ग्रुपवर आलाय आणि सगळे समान वाटणी म्हणतायत. टॅक्स, सर्व्हिस चार्ज धरून माझे किती?

टॅक्सचं नंतर बघा. आधी फोटोतल्या प्रत्येक ओळीपुढे कोणी काय खाल्लं ते लिहा, कारण खरा फरक तिथे पडतो.

आमचं गेल्या महिन्यातलं बिल असंच होतं. जेवण 2000, बिअर 1000, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 300, जीएसटी 115, बिअरवर व्हॅट 100. एकूण 3515. समान वाटणीत प्रत्येकी 879 येत होते. खिचडीवाल्याची खिचडी होती 250 ची, शिवाय 400 चा पनीर टिक्का चौघांनी खाल्ला, त्यातले त्याचे 100. म्हणजे 350.

आता 3515 ला 3000 ने भागा. 1.1717 येतात. प्रत्येकाच्या रकमेला त्याने गुणलं की टॅक्स, सर्व्हिस चार्ज, राउंड ऑफ सगळं आपोआप बसतं. त्याचे झाले 410. वरचे 515 चौघांत सारखे वाटायचा मोह होतो, तो टाळा. 350 च्या जेवणावर 129 कशाला भरायचे?

एक मित्र म्हणाला, दारूला जीएसटी लागत नाही, तेव्हा हिशोब वेगळा हवा. बरोबर आहे. आमच्या बिलात सीजीएसटी 57.50 होता. त्याला 0.025 ने भागलं तर 2300 येतात, म्हणजे जीएसटी जेवणावर आणि पूर्ण सर्व्हिस चार्जवरही लावला होता. त्या हिशोबाने जेवणाचा रुपया 1.155 होतो, बिअरचा 1.205. खिचडीवाल्याचे 404. एवढा वाद घालून सहा रुपये वाचले!

फोटोत मात्र नीट बघा. ते गुळगुळीत कागद दुमडतात, फिके पडतात, 3 चा 8 दिसतो. आमच्या फोटोत बिअरची एक ओळ घडीत गेली होती. ओळींची बेरीज सबटोटलला जुळली नाही, म्हणून कळलं. बेरीज जुळेपर्यंत कोणाकडे पैसे मागू नका.

आणि सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. हॉटेलने तो परस्पर बिलात लावू नये, या नियमावर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये शिक्कामोर्तब केलंय. पैसे द्यायच्या आधी काढायला सांगा, नंतर कोणी दाद देत नाही. आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर खिचडीवाला 367.50 मध्ये सुटला असता.